पदरावरची आगगाडी

गडद जांभळ्या रेशमी पदरावर एक आगगाडी चालली आहे. पुढे धुराडे असलेले इंजिन, मागे डबे, डब्यांच्या चौकोनी खिडक्यांत एकेक माणूस, त्यातल्या कुणाच्या हातात हुक्क्याची नळी. सगळे एका बाजूला तोंड करून बसलेले. हीच गाडी पदराच्या कडेने पुन्हा पुन्हा येते, आणि मधल्या चौकटीत मोठ्या डौलदार कोयऱ्या असतात. बंगालमधल्या मुर्शिदाबाद परिसरात विणल्या गेलेल्या बालुचरी साड्यांपैकी काहींवर असे पदर सापडतात. काहींवर आगगाडीऐवजी चाकाची आगबोट आहे, काहींवर घोड्यावर बसलेला टोपीवाला साहेब, तर काहींवर गुलाबाचा वास घेणारी किंवा हुक्का ओढणारी बेगम.

बंगालमध्ये पहिली प्रवासी गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीला गेली. त्यामुळे आगगाडीचा पदर त्याआधीचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. साडीवर तारीख लिहिलेली नसते, विणकराचे नाव नसते, बहुतेक वेळा ती कुठल्या घरातून आली हेही कळत नाही. अशा वेळी नक्षीच साक्षीदार होते. मात्र ही साक्ष घेण्याची एक पद्धत आहे. ती पद्धत माहीत नसली, तर साडी हवे ते सांगते असे वाटू लागते.

बालुचर हे भागीरथीच्या काठचे, मुर्शिदाबादजवळचे गाव. आज तो भाग जियागंज म्हणून ओळखला जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुर्शिद कुली खानाने बंगालचा कारभार ढाक्याहून इथे आणला, आणि त्याच्याच नावावरून शहराला मुर्शिदाबाद हे नाव पडले. दरबार आला, त्यामागे सावकार आले. नदीपलीकडच्या अझीमगंजात आणि बालुचरात राजस्थानातून आलेली श्रीमंत जैन घराणी स्थिरावली. रेशीम या भागात पिकतच होते, गिऱ्हाईकही दारात आले. आसपासच्या खेड्यांत विणलेल्या साड्या बालुचरच्या बाजारात विकल्या जात, म्हणून त्यांना बालुचरी म्हणू लागले.

या साडीत जर नाही. पैठणी किंवा बनारसी डोळ्यांसमोर असलेल्या मराठी वाचकाला हे पहिल्यांदा खटकेल. सगळे काम रेशमाचेच. जमीन जांभळी, लाल किंवा गडद निळी, आणि तिच्यावर पांढऱ्या, पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रेशमाची नक्षी. रेशमाला फारसा पीळ दिलेला नसल्यामुळे कापड मऊ आणि जड पडते. अंगावर लहान बुट्ट्या, काठाला फुलांची वेल आणि सगळी श्रीमंती पदरात. पदराच्या मधोमध कोयऱ्यांची चौकट, आणि तिच्या चारी बाजूंनी लहान लहान कप्पे. त्या प्रत्येक कप्प्यात एक माणूस, एक जोडपे किंवा एक वाहन.

या माणसांकडे जरा वेळ पाहिले की त्यांच्यातला एक ताठरपणा जाणवतो. चेहरे बाजूने दाखवलेले, नाक टोकदार, हातांचे कोन काटकोनाकडे झुकणारे. गोल हुक्क्याची कडाही बारकाईने पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते. अनेक वर्णनांत या ठेवणीला लोककलेचा भोळेपणा म्हटले गेले. प्रत्यक्षात ही ठेवण मागाच्या गणितातून येते.

कागदावर रेघ हवी तिकडे वळते. मागावर तसे होत नाही. तिथे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा, आणि त्यांच्या प्रत्येक छेदावर एकच प्रश्न असतो : या ठिकाणी रंगीत बाणा वर दिसायचा की नाही? ठिपक्यांच्या रांगोळीत जसे वळणसुद्धा ठिपके मोजूनच घ्यावे लागते, तसे इथे धागे मोजून. चित्र काढणारा वेगळा, ते धाग्यांत उतरवणारा वेगळा. या दुसऱ्या कारागिराला नक्शाबंद म्हणत. कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलायचे याचा हिशेब तो दोऱ्यांच्या गुंत्यात बांधून ठेवी. दोऱ्यांच्या या बांधणीलाच नक्शा म्हणत. बांधलेला नक्शा मागाला जोडला की विणकराचा साथीदार ठरल्या क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढी, नेमके तेवढेच ताणे वर येत आणि विणकर खालून रंगीत रेशीम घाली. एक ओळ झाली की पुढचे जुडगे.

पदरावर तोच साहेब दहा वेळा का दिसतो, याचे उत्तरही यातच आहे. एका साहेबाचा नक्शा बांधायला लागणारे कष्ट प्रचंड, पण तो एकदा बांधला की त्यातून कितीही साहेब विणता येतात. नक्शा उलट क्रमाने ओढला की आकृती उलटी होते. काठाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाहणारे पक्षी किंवा समोरासमोरच्या कोयऱ्या विणणे त्यामुळे सोपे जाते. साडीवर काय पुन्हा येते, कुठे उलटते आणि कुठे अचानक थांबते, हे मोजत गेले की किती नक्शे वापरले याचा अंदाज बांधता येतो. चित्राचा अभ्यासक कुंचल्याचा फटकारा पाहतो, तर कापडाचा अभ्यासक आवृत्ती मोजतो आणि साडी उलटी करून मागची बाजू पाहतो, कारण सुटे धागे कुठून कुठे गेले ते तिथे उघडे पडते.

आता आगगाडीच्या पदराकडे परत येऊ. १८५४ ही तारीख फक्त एवढेच सांगते की नक्शा त्यानंतरचा आहे. १८६३ मध्ये नलहाटीहून थेट अझीमगंजपर्यंत फाटा आला आणि गाडी विणकरांच्या जवळ पोचली. नक्शा बांधणाऱ्याने गाडी स्वतः पाहून बांधली असेल, तर तो याच सुमाराचा म्हणता येईल. पण त्याने एखादे छापील चित्र पाहिले असेल, तर आधीचाही असू शकतो. साडीची तारीख मात्र आणखी पुढे सरकते. एकदा बांधलेला नक्शा वर्षानुवर्षे वापरात राहतो. आगगाडी नवलाईची राहिली नाही तरी नक्शा तयारच असल्यामुळे ती विणली जात राहते. नवाबाचेही तेच. १७५७ च्या प्लासीनंतर नवाबाची सत्ता नावापुरती उरली, १७७२ पासून कारभाराची सूत्रे कलकत्त्याकडे गेली, पण पदरांवर नवाब हुक्का ओढत बसलेलेच आहेत. नवाब दिसला म्हणून साडी नवाबी काळातली असे कुणी म्हटले, तर ते चूक ठरण्याचीच शक्यता अधिक.

म्हणून एका साक्षीदारावर थांबत नाहीत. दुसरा साक्षीदार रंग. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला, आणि पुढच्या काही दशकांत असे कृत्रिम रंग भारतातल्या रंगाऱ्यांपर्यंत पोचले. लाख, नीळ यांसारखे जुने रंग आणि हे नवे रंग प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येतात. एखाद्या पदरावर जुन्या धाटणीचा नवाब असेल आणि धाग्यात कृत्रिम रंग सापडला, तर साडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. नक्शा आधीचा असेल, पण कापड नंतरचे. तिसरा साक्षीदार रेशीम : त्याला पीळ किती, आणि पाठीमागे धागे कसे सोडले आहेत. या तिघांचे म्हणणे जुळले तर तारखेवर भरवसा ठेवायचा. जुळले नाही तर निदान कोणती गोष्ट कधीची, एवढे तरी वेगळे करता येते.

अशा काळजीची गरज किती आहे, हे बालुचरीबद्दल सर्रास सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीवरून कळते. बालुचरीची नक्षी बिष्णुपूरच्या मातीच्या मंदिरांवरून आली, असे विक्रेते सांगतात आणि अनेक लेखांतही तेच छापले जाते. बांकुडा जिल्ह्यातल्या बिष्णुपूरची मल्ल राजांनी बांधलेली भाजक्या विटांची मंदिरे खरोखर अप्रतिम आहेत. त्यांच्यावर रामायण, महाभारत आणि कृष्णलीला कोरलेल्या आहेत. आज बाजारात मिळणाऱ्या बालुचरीवरही तीच दृश्ये असतात, म्हणजे गोष्ट पटण्यासारखी वाटते.

अडचण अशी, की जुन्या बालुचरीच्या पदरांवर देवादिकांची दृश्ये सहसा दिसत नाहीत. तिथे दरबार आहे, शिकार आहे, साहेब आहे, वाहने आहेत. शिवाय जुनी बालुचरी विणली जात होती ती बिष्णुपूरपासून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर दूर. एकोणिसावे शतक संपता संपता मुर्शिदाबादकडचे हे विणकाम थांबले. १९५० च्या दशकात चित्रकार सुभो ठाकूर यांनी ते पुन्हा उभे करायचे मनावर घेतले आणि बिष्णुपूरचे विणकर अक्षयकुमार दास यांना जॅकार्डचे तंत्र शिकण्यासाठी कलकत्त्याला बोलावले. जॅकार्डमध्ये नक्शाबंदाच्या दोऱ्यांची जागा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी घेतली. बिष्णुपूरचे विणकर बिष्णुपुरात विणू लागल्यावर त्यांच्या नजरेसमोरची मंदिरे पदरावर आली, हे स्वाभाविकच होते. मंदिरांचा हा धागा खरा आहे, पण तो विसाव्या शतकातला. तो अठराव्या शतकाला जोडला की नवाबी मुर्शिदाबादची जुनी साडी समजण्याची वाटच बंद होते. मातीच्या फलकांशी तुलना करायचीच असेल, तर अझीमगंजजवळच्या बडानगरला राणी भवानीने अठराव्या शतकात बांधलेली मंदिरे हाताशी आहेत. ती बालुचरच्या शेजारचीच आहेत.

मराठी वाचकांच्या ओळखीचे असेच एक उदाहरण पैठणीचे. पैठणीवरचे कमळ आणि मोर अजिंठ्यावरून आले, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. अजिंठ्याची बहुतेक मोठी चित्रे पाचव्या शतकातली. त्या लेण्यांचा रस्ता मधल्या काळात जवळजवळ विसरला गेला होता, आणि १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यामुळे ती पुन्हा चर्चेत आली. पेशवाईत पैठणी विणणाऱ्याने लेण्यात जाऊन कमळ पाहिले असेल असे मानायला आधार नाही, आणि कमळ पाहायला त्याला लेण्यात जायची गरजही नव्हती. मोठमोठ्या मोरांनी भरलेले पदर बरेचसे अलीकडचे आहेत. जुन्या पैठण्यांत कोयरी आणि असावली म्हणजे फुलांची वेल ठळक दिसते. इथे पुरावाही वेगळ्या जातीचा हाती लागतो. माधवराव पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणहून असावलीचे दुपट्टे मागवल्याचा उल्लेख आहे आणि त्यात रंगही नोंदवलेले आहेत. नक्षीचे नाव, गाव, रंग आणि मागवणारा, हे चारही एका कागदात सापडणे कापडाच्या इतिहासात दुर्मीळ. अजिंठ्याच्या ऐकीव गोष्टीपेक्षा हा एक कागद अधिक सांगतो.

साडीचा पुरावा चित्राच्या शेजारी ठेवला म्हणजे त्याचे वेगळेपण उठून दिसते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दीपचंद या चित्रकाराचे १७६० च्या सुमाराचे एक चित्र आहे. कंपनीचा एक अधिकारी, बहुधा डॉक्टर विल्यम फुलर्टन, गालिच्यावर बसून हुक्का ओढतो आहे आणि भोवती नोकर आहेत. बंगाल-बिहारात इंग्रज कसे हळूहळू नवाबी रीतीने राहू लागले, हे सांगताना हे चित्र हमखास दाखवले जाते. दीपचंदचे नाव कलेच्या इतिहासात आहे, त्याच्या इतर चित्रांची यादी होते, त्याच्या शैलीची चर्चा होते.

हुक्का ओढणारा तोच साहेब बालुचरीच्या पदरावरही आहे. पण दोन साहेबांचा मालक निराळा. दीपचंदचे चित्र साहेबाने स्वतःसाठी काढून घेतले. त्यात तो स्वतःला जसा पाहू इच्छित होता, तसा दिसतो. पदरावरचा साहेब एखाद्या हिंदुस्थानी घरातल्या बाईने अंगावर घेतला. तिच्या पदरावर तो नवाबाच्या शेजारच्या कप्प्यात बसला आहे, त्याच आकाराचा, तशाच बैठकीवर, तसाच हुक्का घेऊन. राज्य करणारा म्हणून त्याला जास्त जागा दिलेली नाही. कोयऱ्या त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. आगगाडीचेही तसेच. त्या काळच्या छापील चित्रांत गाडी म्हणजे पूल, धूर आणि पराक्रम. पदरावर ती म्हणजे खिडकीत बसून हुक्का ओढत जायची एक नवी बैठक. परक्या सत्तेला आणि नव्या यंत्राला मुर्शिदाबादच्या श्रीमंत घरांनी कसे आपल्या सजावटीत बसवून घेतले, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे साधन मिळणे कठीण.

असे असूनही कलेचा सर्वसाधारण इतिहास उघडला तर दीपचंद सापडतो आणि बालुचरी ‘हस्तकला’ या वेगळ्या प्रकरणात जाते. ही उतरंड फार जुनी आहे असा समज आहे. युरोपातच पाहिले तर तो टिकत नाही.

१५१५ च्या सुमारास पोप दहावा लिओ याने व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलसाठी विणलेल्या भिंतपडद्यांचा एक संच मागवला. त्यांची मापाबरहुकूम चित्रे राफाएलने कागदावर काढून दिली. विणकाम ब्रसेल्सला पीटर व्हॅन एल्स्ट याच्या कारखान्यात झाले. राफाएलला चित्रांसाठी सुमारे हजार डुकाट मिळाले, तर विणलेल्या पडद्यांवर पंधरा हजारांच्या आसपास खर्च झाले. त्याच चॅपेलच्या छतासाठी मायकेलअँजेलोला मिळालेल्या मोबदल्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती. पोपच्या हिशेबात पडदा हीच कलाकृती होती. राफाएलचे कागद म्हणजे कामाचा आराखडा. ते विणकरांच्या सोयीसाठी पट्ट्यापट्ट्यांत कापलेही गेले. आज त्या कागदांतले सात व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये स्वतंत्र दालनात आहेत आणि लोक ते राफाएलची महान चित्रे म्हणून पाहायला येतात. पीटर व्हॅन एल्स्टचे नाव विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल.

मधल्या काळात झाले असे, की चित्रकार आणि शिल्पकार कारागिरांच्या संघांतून बाहेर पडून स्वतःच्या अकादम्या काढू लागले. १५५० मध्ये वासारीने कलावंतांची चरित्रे छापली, त्यात वास्तुकला, शिल्प आणि चित्र या तिघांना एकाच बापाची लेकरे मानले. तो बाप म्हणजे मनातली कल्पना आणि तिची रेखाटणी. कल्पना वरची, तिला धाग्यात किंवा मातीत उतरवणारा हात खालचा. याच विचाराची पुढे शाळा झाली, अभ्यासक्रम झाले, संग्रहालयांची दालने झाली.

तो अभ्यासक्रम भारतात आला तेव्हा त्याला एक अजब वळण मिळाले. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉक्टर जॉर्ज बर्डवूड, भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर मुंबईचे संग्रहालय उभारण्यात अग्रभागी होते. १८८० मध्ये त्यांचे भारताच्या औद्योगिक कलांवरचे पुस्तक निघाले. भारतीय कापडाचे त्यांना मनापासून कौतुक होते, ते यंत्राच्या मालापुढे टिकावे म्हणून त्यांनी कळकळीने लिहिले. त्याच पुस्तकात, ललित कला या अर्थाने चित्र आणि शिल्प भारतात नाहीतच, असाही त्यांचा निर्वाळा होता. १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत त्यांनी जावातल्या बुद्धमूर्तीला पुडिंगची उपमा दिली आणि वादळ उठले.

या वादळाचा परिणाम कापडाच्या दृष्टीने उलटा झाला. बर्डवूडना उत्तर देणाऱ्यांनी भारतातही थोर चित्र आणि थोर शिल्प आहे हे सिद्ध करण्यात शक्ती लावली, आणि ते करताना अजिंठा, मोगल आणि राजपूत चित्रे पुढे आणली. चित्र श्रेष्ठ, कापड दुय्यम ही पायरीच मोडावी असे म्हणणारे थोडे. आनंद कुमारस्वामी त्यांतले प्रमुख. भारतीय कारागिरावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्येच आले होते. पण वादात जिंकले ते चित्र आणि शिल्प. साडी बर्डवूडने ठेवलेल्या जागीच राहिली.

कापड मालाच्या खात्यात टाकण्याचे काम आणखी एका खटाटोपाने पुरे केले. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन यांनी इंडिया ऑफिसच्या संग्रहातली कापडे कापून त्यांचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवले. असे वीस संच काढले, तेरा ब्रिटनमध्ये ठेवले आणि सात भारतात पाठवले. हेतू सरळ होता : मँचेस्टरच्या गिरणीमालकांना इथे काय खपते ते कळावे. आज हे खंड संशोधकांना अमूल्य वाटतात. पण साडीतला एक तुकडा कापला की पदर, काठ आणि अंग यांचे नाते तुटते, आणि बालुचरीत तर अर्थ त्या मांडणीतच असतो. नमुन्यात साहेब राहतो, त्याच्या शेजारचा नवाब जातो.

चित्राच्या बाजूने मांडला जाणारा एक मुद्दा मात्र सहज उडवून लावता येत नाही. चित्रकार एकदाच एक चित्र काढतो. विणकर दुसऱ्याने बांधलेला नक्शा पुन्हा पुन्हा विणतो. मग कलावंत कोण? पण हाच प्रश्न मोगल चित्रालाही विचारता येतो. अकबराच्या चित्रशाळेत एकाच पानाची रेखाटणी एक करी, रंग दुसरा भरी, चेहरे कधी तिसराच काढी. फरक एवढाच, की तिथला कारकून समासात नावे लिहून ठेवी. पुनरावृत्तीची अडचण म्हणावी, तर लाकडाच्या ठशाने शेकड्यांनी छापलेली चित्रे संग्रहालयांत मानाने लावलेली असतातच. अडचण खरी आहे ती नावाची. कलेचा इतिहास व्यक्तींच्या नावांभोवती लिहिला गेला, आणि मागावर नाव उरले नाही.

एक अपवाद बालुचरीनेच दिला आहे. मुर्शिदाबादजवळच्या मीरपूर-बहादूरपूर भागात दुबराज दास नावाचा विणकर होता. त्याच्या काही कामांत त्याचे नाव बंगाली लिपीत विणलेले आहे. कागदावर सही करायला क्षण लागतो, विणायची तर प्रत्येक अक्षराचे धागे आधी मोजावे लागतात. त्यामुळे ही सही अपघाताने झालेली नाही. १९०३ मध्ये नित्यगोपाल मुखर्जी यांनी बंगालच्या रेशीम कापडावर सरकारी अहवाल लिहिला, त्यात दुबराजची नोंद आहे. असे नक्षीदार माग मांडून देणारा तोच एक उरला होता. त्याच सुमारास तो वारला, आणि मागे नक्शा बांधणारे कोणी न राहिल्याने जुनी बालुचरीही संपली. विणणारे हात होते, त्यांना चित्र पुरवणारा गेला. विणकामातली कल्पना नेमकी कुठे असते याचे उत्तर त्या शेवटातच मिळते. आपण बांधलेल्या नक्शाचा कर्ता आपण आहोत, हे दुबराजला पक्के ठाऊक होते.

साड्यांना वरच्या दालनात जागा न मिळण्यामागे एक साधे कारणही आहे : त्या उरत नाहीत. रेशीम उजेडाने विरते, घामाने कुजते, घडीवर चिरते. संग्रहालये अशी कापडे मंद प्रकाशात, तीही थोडेच महिने मांडतात. पण कागदावरच्या लघुचित्रांनाही जवळपास तेच नियम लागू असतात, त्यामुळे उतरंडीचे खापर एवढ्यावर फोडता येत नाही. जरीच्या साड्यांचा शत्रू आणखी जवळचा. खऱ्या जरीची पैठणी किंवा शालू फाटला की तो जरीच्या भावाने विकला जाई, व्यापारी ते कापड जाळून त्यातली चांदी आणि सोन्याचा अंश काढून घेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतल्या आजीच्या पैठण्या अशाच गेल्या. बालुचरीत धातू नव्हता, म्हणून ती या आगीतून वाचली. पैठणीचा इतिहास लिहिणाऱ्याला हे ध्यानात ठेवावे लागते : उरलेल्या जुन्या पैठण्या म्हणजे त्या काळात विणलेल्या पैठण्यांचा सरळ नमुना नव्हे, विकायची वेळ न आलेल्या घरांतल्या त्या पैठण्या आहेत.

घरोघरच्या कपाटांत अजून अशा साड्या आहेत, आणि कापडाचे अभ्यासक त्यांच्याबाबत काय विचारतात ते माहीत असलेले बरे. साडी कुणाच्या लग्नातली आणि कोणत्या साली घेतली. गाव कोणते, दुकान आठवते का. कुणाचा एखादा फोटो आहे का, ज्यात तीच साडी नेसलेली दिसते. मग पदराचा सुलटा फोटो आणि त्याच जागेचा उलटा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली, तर बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून, छोट्या कांड्यांनी हाताने विणलेली. मागच्या बाजूला सुटे किंवा कातरलेले धागे दिसले, तर बहुधा जॅकार्डची. जर पांढरी पडली आहे, काळवंडली आहे की पिवळीच राहिली आहे. दुरुस्ती झाली असेल, तर कोणत्या जागी आणि कधी. या नोंदी एका कागदावर पेन्सिलीने लिहून साडीबरोबर सुती कापडात ठेवल्या, की पेशव्यांच्या त्या असावलीच्या पत्राने जे काम केले, ते काम हा कागद करू शकतो.